शिफ्टआधी तयार

सुई. तिच्या नेढ्यातून निघालेला दोरा, फिरत फिरत गोल झालेला.

मांडीवर फाटलेली निळी पँट. कंपनीत दुपारच्या शिफ्टला फाटक्या पँटवर लाइनला उभं करत नाहीत.

आबांचा चष्मा.

सेवेचे, सचोटीचे, समाधानाचे, विश्वासाचे. चिखलीच्या रस्त्यावर स्कूटरवर मागे बसून तनुजानं पाट्या वाचल्या. घरी आल्यावर तिला कुठला शब्द कुठल्या दुकानाचा, ते आठवेना.

या सगळ्यांचा संबंध एका पाटीशी होता. आठ फूट रुंद, तीन फूट उंच. डाव्या हाताला सुई-दोऱ्याचं चिन्ह, शेजारी मोठं ‘तनुजा युनिफॉर्म’, त्याखाली एक पट्टी मोकळी. त्या पट्टीत काय लिहायचं, यावर तनुजाचा जीव टांगणीला लागला होता.

चूक तिचीच. जालन्याहून आल्यापासून ती घरातच मशीन चालवत होती. गाळा घ्यायची वेळ आली तेव्हा गाळ्याचे मालक यशवंतराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, एका शब्दावर हो म्हणाले. त्या भरात तिनं सांगून टाकलं की पाटीवरची ओळ आबा, तुम्हीच द्यायची. आबा गावातल्या सत्कारांची मानपत्रं लिहिणारे. दोन दिवसांनी त्यांनी ओळ दिली: ‘गणवेश शिलाई व दुरुस्तीच्या क्षेत्रातील आपणा सर्वांच्या विश्वासाचे एकमेव दालन.’

फ्लेक्सवाल्या बंटीनं ती कॉम्प्युटरवर बसवून पाहिली. अक्षरं जेमतेम दोन बोटं उंच झाली. अरुंद करून उंची वाढवली तर काने आणि अक्षरं एकमेकांत घुसली. दोन ओळी केल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर बसले. शेवटी त्यानं माउस सोडला आणि विचारलं, की ताई, एवढे शिंपी असताना लोक तुमच्याकडेच का येतात?

तनुजाला विचार करावा लागला नाही. कपडा घेताना ती माणसाला आधी शिफ्ट विचारायची, मग काय फाटलंय ते बघायची.

“शिफ्टच्या आधी तयार ठेवते म्हणून.”

बंटीनं ‘च्या’ काढला, ‘ठेवते म्हणून’ काढलं. उरलं ते पट्टीत पंजाएवढ्या अक्षरांत बसलं, आणि दोन्ही बाजूंना जागाही उरली.

तिचा नवरा प्रीतम कंपनीतून आला आणि त्यानं खुसपट काढलं, की उद्या कुणी लग्नाचा ब्लाउज घेऊन आलं आणि पाटीकडे बोट दाखवलं तर? ती म्हणाली, वर काय लिहिलंय ते वाच, युनिफॉर्म. ब्लाउजचा प्रश्न असा सुटला. आबांचा कुठे सुटला होता? बिनशर्त गाळा देणाऱ्या माणसाला तुमची ओळ नको, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

बंटी म्हणाला, “सांगू नका. दाखवा.”

सकाळी त्यानं दोन्ही पट्ट्या खऱ्या मापात कागदावर छापून आणल्या. शटरवर आधी आबांची चिकटवली. मग आबांसकट सगळे रस्ता ओलांडून रसाच्या गाड्याजवळ उभे राहिले. मधून टेम्पो, कंपनीच्या बस, दुचाक्या जात होत्या. तनुजाला पट्टीवर मुंग्यांची रांग दिसत होती. आबांकडे बघायचा तिला धीर होईना.

आबांनी डोळे बारीक केले. खिसे चाचपले.

“चष्मा घरीच राहिला गं. काय दिसंना. दुसरी लाव बरं.”

दुसरी लागली. एक बस मध्ये आली, गेली.

“शिफ्टआधी तयार,” आबांनी मोठ्यानं वाचलं. मग तनुजाकडे वळले. “व्हईल का पण? पाटीवर लिव्हलं की लोक धरून बसत्यात.”

“नसेल होणार तर कपडा घेणारच नाही आबा. दारातच सांगेन.”

“मग लाव.” एवढं म्हणून ते रसवाल्याकडे वळले आणि सगळ्यांसाठी रस सांगितला. वर बंटीला टोमणा मारला, “आणि तू रं, माझी वळ छापताना शाई संपली व्हती का?”

बंटी हसला. प्रीतम हसला. तनुजाच्या छातीवरचं ओझं असं उतरलं, की आपण किती दिवस अर्धाच श्वास घेत होतो, ते तिला तेव्हा कळलं. तिनं रसाचा ग्लास एका दमात संपवला.

संध्याकाळी पाटी चढली. बोल्ट आवळून होताहेत तोच एक जण मोटरसायकल न थांबवता ओरडून गेला, की रात्रपाळीआधी पँटची चेन बसवून मिळेल का. तिनं तितक्याच मोठ्यानं हो म्हटलं.

आबांची ओळ तिनं कागदावरून कापून आत मशीनसमोर चिकटवली. तिथे ती हाताच्या अंतरावरून सहज वाचता येते.

त्या सकाळी घरून निघताना आबांनी चष्मा सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला होता.