दिव्याचं पुस्तक आणि नवीन मंडळी

ही गोष्ट दोन हजार एकोणीस सालची. आमच्या वाचनालयातलं वाचक मंडळ तेव्हा एवढं जुनं झालं होतं की कोण कुठल्या खुर्चीवर बसणार, कोण कुठल्या पानावर खोकणार, हेसुद्धा ठरलेलं असे. पूर्वी मी दारातल्या फळ्यावर खडूने पुस्तकाचं नाव आणि वार लिहायची. तेवढ्यावर माणसं यायची. मग हळूहळू नवीन कोणी येईनासं झालं, आणि जुने आले तरी पुस्तक न वाचताच येऊ लागले.

पुस्तक न वाचताच येणाऱ्यांसाठी आमच्याकडे प्रश्नफेरी होती. आमच्यातले एक सभासद, जमिनी मोजणारे निवृत्त सर्वेयर, एकेकाकडे पेन्सिल रोखून विचारायचे, "तुम्ही सांगा, दुसऱ्या प्रकरणात काय झालं?" भलेभले तेव्हा चष्मा पुसायला घेत.

त्या वर्षी वाचनालयाच्या अध्यक्षांनी ग्रंथपालबाईंना सांगितलं, "वाचनकक्ष व्यायामवर्गाला द्यायचा विचार आहे. या महिन्यात तुमच्या मंडळात नवीन माणसं दिसली तर ठेवू, नाहीतर खुर्च्या हलवायला लागा." अध्यक्ष म्हणजे माझे धाकटे दीर. घरी गरीब, खुर्चीत बसले की वाघ.

ग्रंथपालबाईंचा सगळा जीव त्या कक्षात. खिडकीचा पडदासुद्धा त्यांनी स्वतः शिवलेला. त्यांनी माझ्याकडे येऊन सगळं सांगितलं. शेवटी माझी सून म्हणाली, "फळा आता दारात नाही, फोनमध्ये असतो. मी करून देते." ती छापखान्यात मांडणीचं काम करते.

तिने फोनवर एकामागून एक सरकवायची चार चित्रं केली. "एका चित्रात एकच गोष्ट, आई. जास्त लिहिलं की लोक अंगठा पुढे ढकलतात." पहिल्यावर मंडळाचं नाव आणि आमच्या खिडकीचा फोटो. दुसऱ्यावर महिन्याचं पुस्तक: दीपगृहात राहणाऱ्या दोन भावांची कादंबरी. तिसऱ्यावर वेळापत्रक: पहिल्या शनिवारी पान एक ते सत्तर, पुढच्या शनिवारी तिथून पुढे, असं शेवटपर्यंत. चौथं नवीन माणसांच्या स्वागताचं. त्याचा मजकूर ग्रंथपालबाईंनी सांगितला, आणि मनापासून सांगितला:

"नवीन आहात? या! पुस्तक वाचलं नसेल तरी चालेल. तुम्हाला कोणीही प्रश्न विचारणार नाही. पुढच्या गादीच्या खुर्च्या तुमच्यासाठी. चहा आधी तुम्हाला. मधेच उठून गेलात तरी कोणी वाईट वाटून घेणार नाही."

पोस्ट टाकल्याबरोबर जुन्या सभासदांचे फोन सुरू झाले.

"गादीच्या खुर्च्या? इतकी वर्षं मी लाकडीवर बसतोय!" सर्वेयर ओरडले.

"अहो, ते नवीन लोकांसाठी आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मग मी मंडळ सोडतो."

"असं काय करता?"

"सोडतो आणि शनिवारी नवीन म्हणून येतो."

संध्याकाळपर्यंत ही युक्ती सगळ्यांना सुचली होती. आमच्या जुन्या सभासद शिंपीणबाई आणि त्यांचे यजमान वेगवेगळे फोन करून मंडळातून सुटले. रात्री मीही सोडलं. माझे गुडघे लाकडी खुर्चीवर आखडतात.

शनिवारी गेले तर पुढच्या रांगेवर झुंबड. दारात सुनेने ठेवलेले "मी नवीन" असे कागदी बिल्ले तिथल्या प्रत्येकाच्या छातीवर. मागच्या लाकडी खुर्च्या रिकाम्या. फक्त एका खुर्चीवर एक अनोळखी बाई, मांडीवर कादंबरी, कादंबरीत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. दातांची डॉक्टर, गावात नुकतीच राहायला आलेली. तिने चित्रं वेळापत्रकापर्यंतच सरकवली होती. शेवटचं स्वागताचं चित्र तिने पाहिलंच नव्हतं. त्यामुळे वाचल्याशिवाय येता येत नाही, असा तिचा समज झाला होता.

ओळखी सुरू झाल्या.

"मी शिवणकाम करते. इथे कोणाला ओळखत नाही," शिंपीणबाई म्हणाल्या.

"मीही नाही," शेजारी बसलेले त्यांचे यजमान म्हणाले. "पण आपली साडी छान आहे."

"आमच्या यजमानांचं कधी लक्ष गेलं नाही तिच्याकडे," शिंपीणबाई लाजून म्हणाल्या.

तेवढ्यात अध्यक्ष आत आले. दारातच थबकले. मी उठून हात जोडले. "नमस्कार. मी नवीन आहे."

"वहिनी, मी तुमचा दीर आहे!"

"हो का? आनंद झाला. बसा, चहा घ्या."

"हा काय पोरखेळ आहे? या सगळ्यांना मी ओळखतो! ते सर्वेयर, त्यांनीच आमचं कुंपण मोजलं!"

"एकासारखा दुसरा माणूस असतो," सर्वेयर थंडपणे म्हणाले.

अध्यक्षांनी मागे बघितलं. बिल्ला नसलेली एकच बाई दिसली. "निदान तुम्ही तरी जुन्या सभासद दिसता. किती वर्षं आहात मंडळात?"

"अर्धा तास," डॉक्टर म्हणाली.

"म्हणजे नवीन माणूस एकच. आणि तेही वाचून आलेलं." अध्यक्षांनी घसा साफ केला. "तर कक्षाबद्दल माझा निर्णय असा—"

"निर्णयाआधी एक सांगाल?" डॉक्टरने चिठ्ठीवरचं पान उघडलं. "वादळ आलेलं असताना थोरला भाऊ दिवा का विझवतो? मला काही केल्या कळेना. इथे कोणीतरी सांगेल म्हणून मी आले."

सगळ्यांनी आपापल्या बिल्ल्यांवर बोट ठेवलं. तिच्यासमोर बिल्ला नसलेले फक्त अध्यक्ष उरले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. दातांच्या डॉक्टरसारखी, म्हणजे तोंड उघडेपर्यंत.

"मी..." अध्यक्ष म्हणाले. "मी नवीन आहे."

ग्रंथपालबाईंनी क्षण न दवडता त्यांना बिल्ला लावला, गादीच्या खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांच्या आधी चहा दिला. दोन घोटांनंतर अध्यक्षांनी हळूच विचारलं, "वादळात विझवला? मग जहाजांचं काय झालं?"

"ते पुढच्या शनिवारी," डॉक्टर म्हणाली.

"ठीक आहे. पुस्तक संपेपर्यंत कक्षाचा निर्णय थांबवू."

शेवटचा शनिवार आला, पुस्तक संपलं, तेव्हा ग्रंथपालबाई पडदा उतरवून घडी घालत होत्या. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन तरुणी आणि एक रिक्षावाला दारात उभे राहिले. तिघेही पान सत्तरपर्यंत वाचून आलेले. सुनेने कपाळावर हात मारला. वेळापत्रकावर महिना लिहायचाच राहिला होता.

"टाकून झालेल्या पोस्टमधलं चित्र बदलता येत नाही," ती म्हणाली. "पोस्ट काढून टाकावी लागेल, नाहीतर खाली मजकुरात महिना लिहिते."

"हात लावशील तर बघ!" ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि स्टुलावर चढून पडदा परत लावला.

आलेल्यांना परत कसं पाठवणार? पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केलं. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी चौघं आले. अध्यक्ष तेव्हा स्वतःच म्हणाले, "पुस्तक कुठे संपलंय अजून?"

व्यायामवर्ग गच्चीवर गेला, आणि ऐकते की तिथे चांगला चालतो. सर्वेयर दोन वर्षांनी गेले. शेवटपर्यंत ते स्वतःला नवीन म्हणवत, आणि त्यांची गादीची खुर्ची आम्ही कोणाला देत नाही. शिंपीणबाई आणि त्यांचे यजमान शनिवारी अजून अनोळखी असतात. बाकीचे दिवस भांडतात. डॉक्टरने इथेच दवाखाना थाटला, आणि दाढ काढताना ती दिव्याबद्दल विचारते असं तिचे रुग्ण सांगतात. सून आता दुसऱ्या वाचनालयांची चित्रं करून देते आणि महिना सगळ्यात आधी लिहिते. ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या, तरी किल्ली त्यांच्याकडेच आहे.

भाऊजींनी अध्यक्षपद सोडलं. ते कक्षात रोज येतात. थोरल्याने दिवा का विझवला याची त्यांच्याकडे आता बरीच कारणं आहेत आणि कोणीही नवीन आलं की ते ती सगळी सांगतात. मी अजून ते पुस्तक वाचलेलं नाही.