चि. की मा.

ढोकळे गुरुजींनी कोऱ्या कागदाला चार बोटं समास सोडला आणि लिहिलं : प्रति, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद.

समोर बसलेल्या सरपंच हिराबाईंचा जीव वरखाली होत होता. निंबगव्हाणच्या शाळेचा पट अकरावर आला होता. पोरांना ओढ्यापलीकडच्या शाळेत पाठवायचा प्रस्ताव जिल्ह्याला गेला होता. पावसाळ्यात तो ओढा मोठ्या माणसालाही ओलांडू देत नाही. तिकडं सातवीपर्यंतच्या पोरांत जायचं, आणि हिराबाईंची नात तर अजून पहिलीत!

"गुरुजी, नाव तरी घाला. त्या खुर्चीवर आपली कावेरी सदगीरच आहे! कालव्याच्या कामावरच्या मजुराची पोर. चार वर्षं तुमच्या हाताखाली शिकली. चि. कावेरीस अनेक आशीर्वाद, असं लिहा की!"

"ते घरच्या पत्रात."

"अहो, ओळख काय लोणच्याला घालायचीय?"

"हिराबाई, अर्ज खुर्चीला करायचा असतो. माणसाची उद्या बदली झाली, तर नावाचं पाकीट त्याच्यामागे दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. खुर्ची कुठं जात नाही."

विषय एका ओळीत. संदर्भात प्रस्तावाचा क्रमांक आणि तारीख. मग 'महोदया' लिहून स्वल्पविराम. आपण जिला पाटीवर ग म भ न गिरवायला लावलं, तिला हा माणूस महोदया म्हणत होता आणि त्याचा हात जरासुद्धा अडखळत नव्हता. हिराबाईंना रागही आला आणि कुठंतरी बरंही वाटलं.

शेवटी 'आपला विश्वासू' आलं, तेव्हा मात्र त्या उसळल्या. "निदान आज्ञाधारक तरी लिहा. जरा मऊ वाटेल."

"आज्ञाधारक पोरं लिहितात, मुख्याध्यापकांना. आपण नागरिक आहोत. मान पुरा द्यायचा, पण लोटांगण घालायचं नाही." त्यांनी सही केली, खाली 'शिक्षणप्रेमी सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती' असं लिहिलं आणि सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला.

हिराबाई जिल्ह्याला गेल्या. अर्ज आवक-जावकच्या टेबलावर दिला आणि पोच घेतली. पण एवढ्यावर गप्प बसतील त्या हिराबाई कसल्या! आदल्या रात्री नातवाकडून त्यांनी दुसरं पत्र लिहून घेतलं होतं : 'चि. कावेरीताई, तू आमच्या गावची लेक. गुरुजींचं मीठ खाल्लंस, एवढं काम कर.' वर 'खाजगी' असं ठळक लिहून ते पाकीट कावेरीच्या सरकारी बंगल्यावर देऊन आल्या. गुरुजींना यातलं काहीच सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी सुनावणीचं बोलावणं आलं, गुरुजींच्या अर्जाचा आवक क्रमांक घालून. हिराबाई मनात म्हणाल्या, माझ्या चिठ्ठीनं काम केलं!

दालनात कावेरीबाई खुर्चीतून उठल्या नाहीत की ओळखीचं हसल्या नाहीत. "अर्जदार ढोकळे, बोला," एवढंच म्हणाल्या. गुरुजी बोलले. ओढ्याची रुंदी, पावसाळ्यातले बंद दिवस, ठराव. शिक्षण विभागाचे साहेब पटसंख्येवर अडून बसले. बाईंनी ओढ्याच्या पाहणीचा अहवाल मागवला. मग हिराबाईंकडे पाहिलं.

"सरपंचबाई, तुमचं खाजगी पत्र मिळालं. ते मला फाईलला लावता येत नाही. तेवढ्यावर मी निर्णय दिला असता, तर ओळखीच्या गावाला झुकतं माप दिलं म्हणून कुणीही तो रद्द करून घेतला असता, आणि शाळा गेली असती. हा अर्ज आहे म्हणून आज सुनावणी आहे."

हिराबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. परतीच्या एसटीत गुरुजींनी शेंगांची पुडी पुढं केली, तेवढंच. त्या साध्या माणसाची उंची हिराबाईंना त्या दिवशी कळली.

महिन्याभरात गुरुजींच्या नावे आदेश आला : ओढ्याचा अडथळा पाहता शाळा आहे तिथंच राहील. वर 'महोदय', खाली 'आपली विश्वासू'. हिराबाईंनी तो शाळेच्या ओट्यावर मोठ्यानं वाचला आणि अकरा पोरांनी गाव डोक्यावर घेतलं.

त्यानंतर आठवड्यानं गुरुजींच्या नावानं आंतरदेशीय पत्र आलं. त्यावर कार्यालयाचा शिक्का नव्हता. खर्च पदरचा, अक्षर हातचं. गुरुजींचा चष्मा दुरुस्तीला दिलेला, म्हणून हिराबाईच वाचू लागल्या.

"आदरणीय गुरुवर्य, शिरसाष्टांग नमस्कार. त्या दिवशी तुम्ही उभे होतात आणि मी खुर्चीत बसून राहिले. आयुष्यात एवढं अवघड काम केलं नाही. उठले असते, तर तुमच्या अर्जाचं वजन गेलं असतं. हे तुम्हीच शिकवलंत. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी, कावेरी."

धोतराच्या सोग्यानं गुरुजींनी डोळे पुसले आणि कागद मागितला.

चष्म्याशिवाय अक्षर जरा तिरकं गेलं. या खेपेला त्यांनी समास सोडला नाही, क्रमांक टाकला नाही. अगदी वरच लिहिलं : चि. कावेरीस अनेक आशीर्वाद.