पॉलिशला दिलेल्या पाटल्या

मी घरी बसून टॉवेलांची डिझाइनं काढते. नोकरी नाही, पगार नाही, त्यामुळे कुणी विचारलं की अव्वा, म्हणजे माझी आई, "सुकन्या कम्प्युटरवर असते" एवढंच सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, मुलगी बँकेत आहे. तो गैरसमज आम्ही दोघीही दूर करत नाही.

माझी निम्मी कमाई परदेशातल्या दोन कंपन्यांकडून येते आणि निम्मी सोलापुरातल्या कारखानदारांकडून. परदेशातले लोक मला ओळखत नाहीत, म्हणून महिन्याच्या आत पैसे पाठवतात. सोलापुरातले मला लहानपणापासून ओळखतात. त्यांच्या धंद्याची रीत अशी, की मागचं आलं की पुढचं द्यायचं. मागचं म्हणजे हैदराबादच्या व्यापाऱ्याकडून येणारं, आणि पुढची म्हणजे मी. त्या रांगेत माझ्याही पुढे कोणी आहे का, हे मी अजून शोधते आहे.

सगळ्यात जास्त ओळखणारे संगमेशमामा. अव्वाचे धाकटे भाऊ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे, आणि त्यांची सगळी डिझाइनं मी करते. बिल पाठवलं की मामा त्याच दिवशी फोन करून सांगतात, "मिळालं बरं का." त्यानंतर काही मिळत नाही. दिवाळीपासूनची बिलं थकली होती, लाखाच्या वर. दर खेपेला घरी येताना मात्र ते सेकंडचे टॉवेल घेऊन येतात, म्हणजे विणताना दोष राहिलेले. आमच्या घरात आता भांडी पुसायलासुद्धा माझंच डिझाइन आहे, तेही चुकलेलं.

मामा अप्रामाणिक नाहीत, हे सांगितलं पाहिजे. माझं बिल त्यांच्या हिशेबाला लागलं की त्यातला दहा टक्के टीडीएस कापून ते सरकारजमा करतात, वेळच्या वेळी. माझ्या नावावर तो जमा झालेला पोर्टलवर दिसतो. म्हणजे माझ्या कामाचे सरकारचे दहा टक्के सरकारला पोचलेले असतात आणि माझे नव्वद मामांकडे असतात. मी एकदा हे त्यांना बोलून दाखवलं. मामा म्हणाले, "सरकार व्याज लावतंय गं. तू घरचीच हाईस की."

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये या घरचेपणानं आमचं चांगलंच कंबरडं मोडलं होतं. तेव्हा माझं एकच खातं होतं. कराचे पैसे त्यातच आहेत, असं मी मनात धरून चालले होते. पण मामांची बिलं लांबली, आणखी एक कारखानदार लांबला, आणि त्या महिन्यांत घरभाडं, वीज, अव्वाची औषधं सगळं त्याच खात्यातून गेलं. आगाऊ कराचे वर्षात चार हप्ते असतात, शेवटचा पंधरा मार्चला. मी आधीचे तिन्ही पुढे ढकलले होते. आमचे कर सल्लागार एजाजभाई यांनी सगळा मिळून आकडा सांगितला आणि पंख्याचा वेग वाढवला. त्या संध्याकाळी अव्वानं हातातल्या पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, केलेलं तेवढंच सोनं तिच्याकडे उरलं होतं. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "तुला कोण इचारलंय?" दुसऱ्या दिवशी आम्ही पाटल्या गहाण टाकल्या आणि कर भरला.

दिवाळीपर्यंत अव्वाच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. कुणी विचारलं की ती सांगायची, पॉलिशला दिल्यात. मामांच्या मुलीच्या साखरपुड्यात खुद्द मामांनी विचारलं, तेव्हाही तेच. मामा म्हणाले, "लई दिवस लावतो गं तुझा सोनार. बदल त्याला." अव्वा "व्हय" म्हणाली आणि वाढायला निघून गेली. मला त्या दिवशी इतका राग आला होता, की मी जेवले नाही. माझं लग्न ठरत नसल्याचं मला वाईट वाटतंय, असा त्याचा अर्थ सगळ्यांनी लावला.

पाटल्या दिवाळीला सुटल्या, पण धडा मी त्याआधीच, पावसाळ्यात घेतला होता. चौकातल्या सहकारी बँकेत दुसरं खातं काढलं. त्याला एटीएम कार्ड घेतलं नाही, ते फोनला जोडलं नाही. पैसे काढायचे तर चेक लिहायचा आणि बँकेच्या वेळात रांगेत उभं राहायचं. घरात आम्ही त्याला 'सरकारचं खातं' म्हणतो. कुठूनही पैसे आले की त्यातले तीस टक्के आधी तिकडे. त्यातला मोठा वाटा कराचा, उरलेला न देणाऱ्यांचा, म्हणजे एखादं बिल लांबलं तर त्या महिन्याचं घर त्यावर चालायचं, आणि ते बिल आलं की उचललेले तिथे परत ठेवायचे. यंदा सप्टेंबरचा आणि डिसेंबरचा हप्ता मी तिथूनच भरला. एजाजभाईंनी पंख्याला हात लावला नाही.

एक चूक झाली. खातं मी अव्वाच्या आणि माझ्या नावावर काढलं, कुणाही एकीच्या सहीनं चालणारं. मला काही झालं तर, हा विचार. मला काही न होता मामांनाच काही झालं तर, हा विचार केला नव्हता.

होळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मामा आले. बगलेत टॉवेलांची गठडी होती. चहा होईपर्यंत त्यांनी माझी तब्येत विचारली, माझ्या कम्प्युटरची विचारली, आणि मग अव्वाकडे वळले.

"अक्का, जरा अडचण हाय. पंधरा तारखेला ॲडव्हान्स टॅक्स भरायचाय. हैदराबादचा पैसा आडकलाय. सुकन्याचं ते दुसरं खातं हाय न्हवं? त्यातनं एक लाख फिरवायला मिळालं तर बघ. महिन्यात टाकतो परत."

मी कपबशी खाली ठेवली. "मामा, ते माझ्याच ॲडव्हान्स टॅक्सचे आहेत. माझीही पंधरा तारीखच आहे."

"सगळे न्हाईत की टॅक्सचे. अक्काच म्हणत हुती, निम्मेशिम्मे असंच ठेवलेत."

"ते कुणी पैसे उशिरा दिले तर त्यासाठी ठेवलेत."

"मग बराबर हाय की," मामा म्हणाले. "माझाच उशीर हाय."

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखरच हे सरळ वाटत होतं. त्यांनी पैसे दिले नाहीत म्हणून मी पैसे साठवले, आणि आता साठलेत तर ते त्यांना द्यावेत. माझ्या सरकारच्या पैशांतून त्यांचं सरकार वेळेवर भरलं जाणार होतं. खात्यात एक लाख दहा हजार होते. लाख गेले की माझा हप्ता पुन्हा पाटल्यांवर जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी म्हणाले, "मामा, माझी बिलं द्या. मग त्यातले लाख पुन्हा तुम्हाला देते."

"बिलाला पैसा असता तर हितं आलो असतो का मी?" मामा म्हणाले. माणूस नाराज झाला होता. "तुमी शिकलेल्या पोरी. घरात हिशोब करता."

भावाविरुद्ध अव्वाच्या तोंडून मी आजवर एक शब्द ऐकलेला नाही. ती उठली आणि आत गेली. कपाटाचा दरवाजा करकरला. त्या कपाटात दुसऱ्या खात्याचं चेकबुक असतं, आणि सही करायला तिला माझी गरज नाही. मामांनी सैल होऊन टेकून घेतलं, एक बिस्कीट उचललं. मी जागची हलले नाही. अडवायचं तर आईला अडवावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. वर्षभर काटकसर करून जमवलेलं असं चहाबरोबर जाणार म्हणून मला रडू येत होतं.

अव्वा बाहेर आली. तिच्या हातात चेकबुक नव्हतं. तिनं दोन्ही पाटल्या मामांच्या बशीशेजारी ठेवल्या.

"हे घे, संगू," ती म्हणाली. "पॉलिशला देऊन ये."

मामांना कळलं नाही. "पॉलिशला? आत्ताच आल्या न्हवं?"

"व्हय. मागच्या मार्चला गेल्या हुत्या, दिवाळीला आल्या. सोनारानं लई दिवस लावले म्हणून तूच बोलला हुतास." अव्वा खाली बसली, पदर नीट केला. "सोनार न्हवता. बँक हुती. सुकन्याचं सरकार भरायचं हुतं आणि तुझं बिल आलं न्हवतं. ह्या खेपेला तुझं सरकार भरायचंय, तर तू घेऊन जा. त्या बँकवाल्याला वळख हाय ह्यांची."

आवाज चढला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं तिनं सांगितलं.

मामांनी बिस्कीट बशीत ठेवलं. पाटल्यांना त्यांनी हात लावला नाही. मग म्हणाले, "अक्का, मला सांगायचं की."

"घरचाच हाईस," अव्वा म्हणाली. "काय सांगायचं?"

चहा तसाच ठेवून मामा गेले. गठडीही न्यायची विसरले. पाटल्या अव्वानं पुन्हा हातात घातल्या आणि टॉवेल मोजून कपाटात ठेवले. मी तिला बिलगले, तर म्हणाली, "सरक, दूध उतू जाईल."

दुसऱ्या दिवशी मी बँकेत जाऊन माझ्या हप्त्याचे पैसे नेहमीच्या खात्यात वळवले आणि पंधरा तारखेला पोर्टलवर भरले. त्याच दिवशी दुपारी फोन वाजला. मामांकडून माझी सगळी बिलं जमा झाली होती, टीडीएस वजा जाऊन, शेवटच्या रुपयापर्यंत. मी घाबरून त्यांना फोन लावला.

"मामा, पैसे आले. पण तुमच्या टॅक्सचं काय? आजच तर तारीख आहे."

"एजाजभाईला इचारलं. महिनाअखेरच्या आत भरलं तर चुकलेल्या हप्त्यावर एक टक्का व्याज बसतंय म्हणाला. बसू दे." पलीकडे मागांचा खडखडाट चालला होता. "थांबंल की. सरकार घरचंच हाय."

दिवाळीपासून न देणाऱ्यांच्या वाट्यातून जे उचललं होतं, ते मी सोमवारी पुन्हा दुसऱ्या खात्यात ठेवलं. मामांची बिलं आता महिन्याच्या आत येतात. सेकंडचे टॉवेलही येतात, ते काही थांबले नाहीत. फक्त आल्यावर दारातच मामा आधी अव्वाच्या हातांकडे बघतात, आणि मग चपला काढतात.