ढिगापाशी कोण आहे?

आतिफला दिलेलं काम एका ओळीचं होतं: "बीटचा मेसेज लवकर पाठवा." आमच्या पुण्याच्या ऑफिसातून शिलामॅडमनी ते लिहिलं होतं. आतिफ हैदराबादेत घरी बसून प्रोग्रॅमिंग करतो. त्यानं मेसेज एक तास आधी पाठवला, तरी एका शेतकऱ्याची तक्रार आली. मग दोन तास आधी पाठवला, तरीही तक्रार आली. काम दुसऱ्यांदा परत आल्यावर त्यानं खाली विचारलं, "लवकर म्हणजे किती?" आणि मॅडमनी उत्तर दिलं, "पुरेसं लवकर." आता डोकं आपटून घ्यायचं तर भिंत तरी चांगली निवडावी!

"पल्लवी, तू तिथेच आहेस ना? हे काम नीट लिहून दे त्याला," असं मग मला सांगण्यात आलं.

मी तिथेच म्हणजे वसमतला. खताच्या दुकानावर एक खोली, खिडकीत लॅपटॉप. मोंढ्यात, म्हणजे इथल्या बाजार समितीत, हळदीचं बीट, म्हणजे लिलाव, कोणत्या ढिगापर्यंत आलं हे आमचं अ‍ॅप दाखवतं. व्यापाऱ्यांशी बोलायचं आणि त्यातून आतिफसारख्यांसाठी कामं लिहायची, ही माझी नोकरी. दिवसभर मी सगळ्यांशी टाईप करून बोलते. संध्याकाळी मेसच्या काकूंना "भाजी थोडी कमी वाढा" म्हटलं की लक्षात येतं, आज तोंडातून निघालेलं हे पहिलंच वाक्य.

मोंढ्यात गेले तर तक्रार करणारे गृहस्थ ढिगाला टेकून बसलेले. नाव पुंजाजी, गाव साखरा. आदल्या दिवशी ते चहाला गेले आणि नेमकं तेव्हाच बीट त्यांच्या ढिगाशी आलं. धनी ढिगापाशी नसला की व्यापारी बोली लावत नाहीत, पुढं सरकतात. रात्र त्यांनी हळदीजवळच काढली होती.

"बाबा, मेसेज आला नव्हता का?"

"मला कुठला येतो, बाई? गेटवर नंबर मागतेत, मी पोराचा देतो. रत्नपालचा. पुण्याला कंपनीत हाय."

"त्याला येऊन काय उपयोग? तो कळवतो का तुम्हाला?"

"कळवतो की. पण त्याह्यला आत फोन नेऊ देत न्हाईत. जेवणाच्या सुट्टीत भाईर आला की बघतो अन् लगेच लावतो मला. 'बाबा, बीट आलं का? भाव काय लागला?'"

"तोवर बीट निघून गेलेलं असतं! तुमचाच नंबर द्या ना."

त्यांनी खिशातला बटणांचा फोन काढून धोतराला पुसला. "मग त्यो फोन काहून करंल?" त्यांनी तो परत खिशात ठेवला. मग स्वतःच म्हणाले, "एरवी न्हाई करत. कामात ऱ्हातंय लेकरू."

खोलीवर येऊन मी काम पुन्हा लिहिलं.

"हेतू: ढिगापाशी जो माणूस आहे, त्याला आपली पाळी जवळ आल्याचं कळावं.

कारण: गेटवर दिलेला नंबर बहुधा गावाबाहेरच्या मुलाचा असतो. मेसेज वेळेवर जातो, पण चुकीच्या हातात. वेळ कितीही बदलली तरी उपयोग नाही.

काम कधी पूर्ण झालं म्हणायचं: गेटवर दोन नंबर घेतले जातील, ढिगापाशी असणाऱ्याचा आणि घरच्याचा. तीन ढीग उरले की पहिल्या नंबरावर मराठीत बोलणारा फोन जाईल. साध्या बटणांच्या फोनवरही तो ऐकू येईल. उचलला नाही तर पुन्हा एकदा जाईल. तरीही उचलला नाही तर गेटवरच्या कारकुनाच्या पडद्यावर ढिगाचा नंबर दिसेल, म्हणजे तो भोंग्यावरून पुकारेल. घरच्याला मेसेज जात राहील."

आतिफचं उत्तर लगेच आलं. "ताई, आता समजलं! वेळेचा प्रश्नच नव्हता. फक्त एक शंका. वडिलांना थेट फोन गेला तर मुलाला मेसेज कशाला?"

खरं कारण मला माहीत होतं. पण ऑफिसच्या कामात कसं लिहायचं, की एका म्हाताऱ्याला मुलाचा फोन यावा म्हणून? मॅडम हसतील असं वाटलं. मी लिहिलं, "राहू दे. हरकत नाही."

काम झकास झालं. पुढच्या खेपेला पुंजाजींचा फोन खणखणला, "तुमच्या आधी तीन ढीग आहेत" असं त्यातली बाई बोलली, आणि ते असे ताठ उभे राहिले की जणू सगळा लिलाव त्यांच्याच मालकीचा. भावही बरा लागला. मॅडमनी गटावर टाळ्या पाठवल्या.

मी मात्र दुपारी मोंढ्यातून परत जाताना त्यांना तिथंच बसलेलं पाहिलं. हळद उचलून नेलेली, खाली नुसती पिवळी जमीन, आणि हे फोन हातात धरून बसलेले.

"बाबा, गाडी गेली ना तुमची?"

"जाऊ द्या. जेवणाची सुट्टी झाली आसंल आता. पोराचा फोन न्हाई आला."

मी त्यांच्यादेखत अ‍ॅप उघडून रत्नपालला गेलेला मेसेज पाहिला. "तुमच्या वडिलांची हळद विकली गेली." खाली भाव, वजन, आणि शेवटी आतिफनं मायेनं घातलेली ओळ: "काळजी नसावी." कारण न कळता काम करणाऱ्या हुशार माणसानं ते आणखी चांगलं केलं होतं. मुलाला विचारायला काही उरलंच नव्हतं. मला रडू आलं. अंगावर धूळ बसल्याचं निमित्त करून मी तोंड पुसलं.

त्याच संध्याकाळी नवं काम लिहिलं आणि या वेळी लाज बाळगली नाही.

"हेतू: मुलानं वडिलांना फोन करावा.

कारण: वडील वाट बघतात. भाव आपण सांगितला की तो फोन करत नाही.

काम कधी पूर्ण झालं म्हणायचं: मेसेजमध्ये विक्री, भाव, वजन काही नसेल. 'बीट झालं. बाबांना विचारा' एवढंच असेल, आणि खालचं बटण दाबलं की वडिलांचा फोन वाजेल. मुलानं फोन केला की नाही, हे आपल्याला तपासता येणार नाही. ते आपलं कामही नाही."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फक्त "करा" लिहिलं. आतिफनं चाचणीसाठी वसमतचा एखादा नंबर मागितला, मी माझा दिला. थोड्या वेळानं टेबलावरचा फोन वाजला.

"पल्लवीताई? आवाज येतोय?"

"येतोय."

"मग झालं काम," म्हणून त्यानं ठेवून दिला. वर्षभर एकत्र काम करून आम्ही एकमेकांचा आवाज पहिल्यांदा ऐकला होता. आवाज चांगला होता पोराचा.

पुंजाजी उरलेली हळद घेऊन पुन्हा आले, तेव्हा मी मुद्दाम गेले. ढीग विकला गेला. ते जागेवरच बसून राहिले, मी लांब आडतीच्या दुकानाच्या ओट्यावर. दुपारी त्यांचा फोन वाजला.

"व्हय, झालं बीट. ते ऱ्हाऊ दे, तू जेवलास का? काय होतं डब्यात?"

भाव सांगायची त्यांना घाईच नव्हती. गाडी चुकली तरी चालेल अशा बेतानं ते बोलत होते. मी उठले, आणि रस्त्यातच आतिफला फोन लावला.

"ताई? काही बिघडलं का?"

"नाही. सगळं बरोबर चाललंय. पुंजाजींना फोन आला मुलाचा."

"अरे वा! मग आता काय काम आहे?"

काहीतरी काम सांगून टाकावं असं अगदी ओठावर आलं होतं.

"काम काही नाही," मी म्हटलं. "कारण सांगते. मला इथं फार एकटं वाटतं."

पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"बोला ताई," आतिफ म्हणाला. "जेवलात का?"