परंतु येण्याआधी

अक्कलकोटच्या विरुपाक्षाला मराठी कळत होती, पण आबासाहेबांची मराठी कळत नव्हती. सोलापुरात प्राथमिक शाळांचे मास्तर तयार करण्याचा जो वर्ग होता, त्यात आबासाहेब अध्यापनशास्त्रावर व्याख्यानं देत. देत म्हणजे काय, नळ सोडावा तशी सोडत. विरुपाक्ष घरी कानडी बोलणारा. एक वाक्य मनात फिरवून तो पेन्सिलीनं उतरवीपर्यंत आबासाहेब पुष्कळ पुढं गेलेले असत. त्याच्या टिपणातली निम्मी वाक्यं बिनमुंडक्याची आणि उरलेली बिनपायाची. चाचण्यांत भोपळेच मिळाल्यावर आबासाहेबांनी बजावलं, की शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला आले की त्यांच्यापुढं तुला उभा करीन. नापसंत ठरलास तर नाव कमी, मग बापाच्या दुकानात गूळ तोलत बस.

शेजारी बसणारा सिदू मेंढपाळाच्या घरचा. लिहायचा थोडं, पण चाचणीत पास व्हायचा. विरुपाक्षानं त्याला गुपित विचारलं, तर तो सोमवारी त्याला तळ्याकाठच्या देवळात कीर्तनाला घेऊन गेला.

काय रंग चढला होता म्हणून सांगावं! टाळ, मृदंग, बुवांचा भरलेला आवाज. खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्यासुद्धा डुलत होत्या. विरुपाक्षानं सवयीनं वही काढली. सिदूनं ती मिटवली.

"लिवू नगंस, गड्या. बुवा आता काय करनार, त्ये वळख."

बुवा म्हणाले, आता कुणी म्हणेल की देव दिसत नाही तर भजायचा कशाला. सिदूनं कोपर मारलं. "शंका काडली. आता तिला आपटनार बग." बुवांनी आपटली. भक्त दोन प्रकारचे, असं बुवा म्हणताच सिदूनं दोन बोटं वर केली आणि एकेक प्रकार झाला तसं एकेक मिटलं. 'असो' आलं की सिदू म्हणे, गोष्ट सरली, गडी मूळ पदावर आला.

"आबासायेब म्हंजी बुवाच की," तो परतताना म्हणाला. "टाळ तेवडं न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून विरुपाक्ष वाक्यांमागं धावायचा थांबला. आबासाहेब 'याची तीन कारणे' म्हणाले, की तो आकडे घालून तीन जागा सोडी. 'उदाहरणार्थ' आलं, की एखादा शब्द पुरे. मुद्दा आधीच होऊन गेलेला. 'जाता जाता सांगतो' आलं, की पेन्सिल कानावर, कारण पुढं हमखास आबासाहेबांची पुण्यातली खाणावळ यायची. आणि 'वरवर पाहता' ऐकलं, की अर्धं पान कोरं, कारण शंका अजून आपटायची असे. एकदाच फसला. 'शेवटी' ऐकून त्यानं वही मिटली आणि आबासाहेब आणखी तासभर बोलले. सिदू म्हणाला, बुवाचंबी तसंच हाय, त्येंच्या शेवटावर कुनी उठायचं नसतं.

डेप्युटीसाहेब आले ते नेमके तास रंगात असताना. "छडीवाचून विद्या नाही, असे पुष्कळ अनुभवी मास्तर मानतात," आबासाहेब सांगत होते. "वरवर पाहता त्यात तथ्यही आहे." इतक्यात दारात साहेब उभे. हातात चांदीच्या मुठीची छडी.

वर्ग ताडकन उठला. काय चाललंय, असं साहेबांनी विचारताच पहिल्या बाकावरच्या चनबसप्पानं टिपण खणखणीत वाचलं. छडीवाचून विद्या नाही. साहेब खूश झाले. हल्ली मास्तर मुलांना डोक्यावर बसवतात, तुमच्याकडे तसं नाही हे बरं, म्हणाले. आबासाहेबांनी घाईनं विरुपाक्षाकडं बोट दाखवलं, नाव कमी करायचं तो हा.

"तुला काय समजलं रे?" साहेबांनी विचारलं.

विरुपाक्षानं कोऱ्या अर्ध्या पानाकडं पाहिलं. चनबसप्पासारखं म्हटलं असतं तर साहेबांनी तिथंच पसंत केलं असतं. पण पान कोरं होतं.

"साहेब, समजायचं अजून राहिलंय. हे मत दुसऱ्यांचं आहे. सर 'वरवर पाहता' म्हणाले. आता 'परंतु' येणार की."

सिदू छताकडं बघत होता.

"येणार आहे का हो, आबासाहेब?" साहेब वळून म्हणाले.

आबासाहेबांनी छडीकडं पाहिलं. "येणार होता," ते म्हणाले.

"मग येऊ द्या," म्हणत साहेब मागच्या बाकावर, विरुपाक्षाशेजारीच बसले.

परंतु आला, अंग चोरून. छडीविरुद्ध तीन कारणे. पहिलं, भीतीनं मूल पाठ करतं, समजून घेत नाही. दुसरं, मार खाणारं मूल शाळा चुकवायला शिकतं. मग आबासाहेब जरा सैल झाले, म्हणाले, जाता जाता सांगतो. साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली.

"हे लिहू नका, साहेब," विरुपाक्ष कुजबुजला. "खाणावळ आहे."

खाणावळच निघाली. ती सरली तशी आबासाहेब घाम पुसून बसायला निघाले.

"तिसरं?" साहेबांनी विरुपाक्षाच्या वहीतल्या रिकाम्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं. आबासाहेब उभ्या उभ्या थबकले.

"तिसरे," ते म्हणाले, आणि इतक्या सावकाश की कुणालाही लिहिता यावं, "मुलाला कळत नसेल, तर मास्तरानं आधी स्वतःचं शिकवणं तपासावं."

साहेबांनी विचारलं, मग नाव कुणाचं कमी करायचं?

"कुणाचंच नाही," आबासाहेब म्हणाले.

विरुपाक्षानं तिसरी जागा भरली. पुरं वाक्य, मुंडक्यापायांसकट.