कृष्णरावांचा पाट

कृष्णराव सर वीस वर्षं तर्कशास्त्र शिकवत होते आणि वीस वर्षं त्यांना एक गोष्ट कळत नव्हती. ती गोष्ट मी त्यांना समजवायला गेलो, हा माझा मूर्खपणा.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. साकोलीच्या आमच्या कॉलेजात अकरावीचा वार्षिक निकाल लागायचा होता. सानगडीहून येणारी ललिता सगळ्या विषयांत पास होती, फक्त तर्कशास्त्रात एकतीस. पासाला पस्तीस लागतात. तिच्या बापाने, तुलारामने, सरळ सांगितलं होतं की नापास झाली तर कॉलेज बंद. मीही तिथं तर्कशास्त्रच शिकवायचो, पेपर मात्र सर तपासायचे; आणि माझ्या वर्गात प्रश्न विचारणारी पोरगी ही एवढीच होती.

मी तिचा पेपर काढून पाहिला. सहा गुणांचा प्रश्न होता: ‘पाटाला पाणी आलं आहे. पाटाला पाणी आलेलं नाही. म्हणून धान पिकलं आहे. हा युक्तिवाद वैध की अवैध?’ तिने लिहिलं होतं, वैध. खाली चार पायऱ्या. एक, पाणी आलं आहे. दोन, म्हणून पाणी आलं आहे किंवा धान पिकलं आहे. तीन, पाणी आलेलं नाही. चार, म्हणून धान पिकलं आहे. बिनचूक. सरांनी लाल शाईने शून्य दिलं होतं.

मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. सर चहा पीत होते.

“पाणी आलं बी अन् नाही बी, अन् त्याच्यावरून धान पिकते?” ते म्हणाले. “कोणत्या गावात?”

“सर, वैध म्हणजे काय? आधारविधानं खरी असून निष्कर्ष खोटा, असं होऊच शकत नाही. इथं दोन्ही विधानं एकदम खरी होतच नाहीत. मंग फसणार कुठं? सत्यता-कोष्टकात तशी ओळ दाखवा.”

कोष्टकाला ते हात लावेनात. त्यांनी कपाटातून माझेच सायक्लोस्टाइल कागद काढले. नागपूरच्या शिबिरातून मी ते आणले होते आणि महिनाभर स्टाफरूममध्ये मिरवले होते. विसंगती-सहिष्णू तर्कशास्त्र, म्हणजे परस्परविरोधी विधानांवरून वाट्टेल ते सिद्ध होऊ न देणारं. माझीच काठी माझ्याच पाठीत.

“हे तूच सांगतलं ना? विसंगती असली तरी काहीबी सिद्ध होत नाही म्हणून?”

“सांगतलं. पण त्याची किंमत मोजावी लागते, सर. चारपैकी एक पायरी सोडावी लागते. ते लोक म्हणतात, एखादं विधान खरं बी अन् खोटं बी असू शकते. ‘पाणी आलं’ हे तसं धरा, अन् धान पिकलं नाही असं धरा. मंग ‘पाणी किंवा धान’ खरं, ‘पाणी नाही’ हे बी खरं, अन् धान खोटं. म्हणजे चौथी पायरी कोसळली.”

“मंग कोसळू दे. शून्य बरोबर हाय.”

“पण सर, चौथी पायरी म्हणजेच प्रश्न तीनमधला नियम. ‘हे किंवा ते, हे नाही, म्हणून ते.’ तो वैध आहे म्हणून तुम्ही सत्तर पोरांना पूर्ण गुण दिले. कापा सगळ्यांचे.”

“काहून कापू? तिथं तो बरोबर हाय, इथं चूक.”

“विसंगती नाही तिथं वापरा, असं ते लोक बी म्हणतात. पण तशी अट तुमच्या पेपरात कुठं हाय? तोच नियम तुमच्यासाठी वैध बी अन् अवैध बी. तुमच्या जुन्या शास्त्रात एवढ्या विसंगतीवरून काहीबी निघते. ललिता पास, हे बी निघते.”

“मी आता नवीन शास्त्र मानतो,” सर कप ठेवत म्हणाले. “त्याच्यात काहीबी निघत नाही. ललिता नापासच.”

माझं डोकं भणभणलं. ज्याला दोन्ही शास्त्रं येत नाहीत त्याला दोन्ही शास्त्रांत हरवता येत नाही. मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांना तर्काशी देणंघेणं नव्हतं, भांडण नको होतं. त्यांनी तोडगा काढला: चार गुण कृपेने द्यायचे, पण मुलीने उत्तर चुकल्याचं लिहून द्यायचं. म्हणजे सरांचा मान राहतो.

ललिता बापासोबत व्हरांड्यात उभी होती. मी कोरा कागद दिला आणि काय लिहायचं ते सांगितलं.

“सर, माझं उत्तर चुकलं काय?”

“नाही चुकलं.”

“मंग काहून लिहू?”

“लिही न, बाई. नाहीतर कॉलेज सुटेल तुझं.” मी तिच्यावर खेकसलो. राग तिच्यावरचा नव्हताच. तिने एक ओळ लिहिली, सही केली आणि पास झाली.

जूनमध्ये बारावीचे प्रवेश अर्ज माझ्याकडेच तपासायला आले. ललिताच्या अर्जात तर्कशास्त्र नव्हतं, त्या जागी गृहविज्ञान होतं. मी तिला बोलावून कारण विचारलं.

“कृष्णराव सर म्हणाले चुकलं, ते मले समजलं,” ती म्हणाली. “त्यायले येतच नाही. तुमाले येते. अन् तुमीच लिहाले लावलं.”

मी अर्जावर सही केली.