रविवारचं तेल

मैत्रेयीचं डोकं कोरडं पडलंय, हे निदान वासंतीने स्वतःच केलं होतं आणि ते बदलायची तिची मुळीच तयारी नव्हती. लखनौची थंडी, त्यात गीझरचं कढत पाणी, त्यात मुलीचं भाजी न खाणं. एवढी कारणं हाताशी असताना डॉक्टर कशाला हवा? कोरड्याला तेल, इतकं सरळ होतं ते. दर रविवारी सकाळी खोबरेल कोमट करायचं, मुलीला पुढ्यात वेताच्या मोढ्यावर बसवायचं आणि अर्धा तास चोळायचं.

खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासावरच वासंती आठवडा काढत होती. नवरा धनंजय रेल्वेत इंजिनियर, महिन्यातले पंधरा दिवस पुलांच्या तपासणीला बाहेर. विकास नगरच्या त्या भाड्याच्या घरात उरल्या दोघी. त्यातली अकरावीतली मैत्रेयी आईच्या मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायची, तेही पाठ फिरवून. "जेवलीस का?" "हाँ, खा लिया." संपलं. पण डोक्यावर आईचे हात फिरायला लागले की तीच मुलगी मराठीत बोलायची, शाळेतलं सांगायची, कधीकधी हसायचीही. वासंती तेल हळूहळू ओतायची, लवकर संपू नये म्हणून.

डिसेंबरात तेलाने उलटाच गुण दाखवला. मुलीच्या निळ्या ब्लेझरवर कोंडा पडायला लागला, खाजवून खाजवून डोकं लाल झालं. वासंतीने तेल वाढवलं. मग औषधाच्या दुकानातून 'खास रूखी त्वचा के लिए' असा शाम्पू आणला, मग दुकानदाराने सुचवलेला डांबराच्या वासाचा, मग टीव्हीवरचा. प्रत्येक बाटली एकदोनदा वापरून झाली की पुढची. बाथरूमच्या फळीवर नुसती जत्रा भरली.

जानेवारीत एक दिवस मैत्रेयी शाळेतून आली ती सरळ पांघरुणात शिरली. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीने बाईंकडे जागा बदलून मागितली होती. सगळ्या वर्गासमोर म्हणाली, इसके सर में जुएँ हैं. वासंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मुलीच्या डोक्यात उवा? दुसऱ्याच दिवशी तिने महानगर भागातल्या कपूरथला चौकाजवळच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. विभा श्रीवास्तव यांची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाईंनी उजेडात केसांचे भांग पाडून बघितले, मग भुवया, मग नाकाच्या कडा, मग हातपाय. "कोरडी त्वचा नाही ही," त्या म्हणाल्या. बोलत त्या हिंदीतच होत्या, पण एकेक शब्द समजेल असं. कोरड्या त्वचेचा भुसा बारीक, पांढरा, भुरभुरणारा; हातपायही तसेच ओढलेले दिसतात. इथे हातपाय चांगले मऊ होते. डोक्यातले पापुद्रे मात्र मोठे, पिवळसर, तेलकट, खाली लाली, आणि तेच थोडंसं भुवयांतही. कोंडाच हा. उवा नाहीत आणि कुणाकडून कुणाला लागतही नाही. सगळ्यांच्याच डोक्यावर एक बुरशी राहते, काहींच्या त्वचेला ती सोसत नाही, आणि तेलावर ती पोसते.

"तेल लगाती हैं?"

"दर रविवारी," वासंती अभिमानाने म्हणाली.

"बंद कीजिए."

बाटलीवरची जाहिरात वाचू नका, औषधाचं नाव वाचा, असं सांगून बाईंनी दोन टक्के केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू लिहून दिला. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. केसांना नाही, कातडीला लावायचा, पाच मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा. लावला की लगेच धुतला तर औषध कामच करत नाही. मधल्या दिवशी साधा सौम्य शाम्पू. नंतर आठवड्या-पंधरवड्याने एकदा, कारण हे कायमचं जात नाही, आवरून धरावं लागतं. आणि रोज नवी बाटली घेऊ नका. वासंतीने मान डोलावली.

दोन आठवड्यांत खाज जवळजवळ गेली. मैत्रेयी घड्याळ लावून न्हायची, एकटी, दार लावून. ब्लेझर स्वच्छ झाला. रविवारी सकाळी वासंती ओट्याशी उभी राहायची आणि मुलगी तिच्या खोलीत. घरात नुसता फ्रीजचा आवाज. मुलगी बरी होत होती आणि आईला रडू येत होतं. ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती, म्हणून तिने ती स्वतःलाही सांगितली नाही.

तिसऱ्या रविवारी तिने खोबरेल कोमट केलं.

"औषधाने केस किती राठ झालेत बघ. थोडंसंच लावू. डॉक्टरांना काय कळतंय, त्यांनी आपली पद्धत कुठे बघितली आहे?"

मैत्रेयीने आईकडे बघितलं. येऊन मोढ्यावर बसली. त्या रविवारी बसली, पुढच्याही रविवारी बसली. वासंतीने मन भरून चोळलं. बोटांखाली पापुद्रे पुन्हा लागत होते. लागत होते हे तिला कळत होतं.

महिना झाल्यावर दोघी पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. कोंडा जसाच्या तसा होता, आता कानामागेही लाली आली होती. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. शाम्पू पाच मिनिटं ठेवलास? ठेवला. दोनदा? हो, दोनदाच. तेल?

 वासंती तोंड उघडणार, तोच मैत्रेयी शांतपणे म्हणाली, "नहीं मैम. बिल्कुल नहीं लगाया."

बाईंनी विश्वास ठेवला. का नसता ठेवला? नेमाने शाम्पू लावूनही वाढलंय म्हणजे पोटातून गोळ्या द्याव्या लागतील, त्या म्हणाल्या. त्या गोळ्या यकृताला जड जाऊ शकतात, म्हणून आधी रक्त तपासू. त्यांनी कागद पुढे ओढला.

वासंतीने त्या कागदाकडे बघितलं, मग मुलीच्या दंडाकडे. आता उद्या या दंडातून रक्त काढणार, तेही आपल्या हौसेपायी. "मैंने लगाया," ती म्हणाली. "ती खोटं बोलतेय. माझ्यासाठी बोलतेय. गेले दोन रविवार मीच लावलं." हिंदी कुठे संपली आणि मराठी कुठे सुरू झाली, तिला कळलं नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं सांगितलं, गोळ्या नकोत, तोच शाम्पू, पुन्हा पहिल्यापासून चार आठवडे, आणि तेल नाही. तरी उतरलं नाही तर या.

परतताना ई-रिक्षात दोघी शेजारी बसल्या होत्या. वासंतीने शेवटी विचारलंच.

"का गं खोटं बोललीस? तुला माहीत होतं ना, तेलाने वाढतंय?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बसायचीस का?"

मैत्रेयी रस्त्याकडे बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वासंतीला सोसवेना. "तुला बरं वाटायचं ना. बाबा नसतात. म्हटलं, अर्धा तास बसू, बोलू काहीतरी."

वासंतीला एकदम ते सगळे रविवार आठवले. मुलीचं ते हसणं, त्या शाळेतल्या गोष्टी. आपण मुलीला काही देतोय असं तिला वाटत आलं होतं, आणि मुलगी डोकं खाजत असताना, वर्गात मान खाली घालून, आईची सोबत करत होती. एखाद्या म्हाताऱ्या आजारी बाईजवळ बसावं तशी.

"आणि तुला?" तिने विचारलं. विचारायला नको होतं. "तुला नाही बरं वाटायचं?"

 खोटं बोलायचं की नाही, हे मैत्रेयी ठरवत होती, आणि ते वासंतीला दिसत होतं.

"रविवारी सकाळी कोचिंगच्या टेस्ट असतात," ती म्हणाली. "मी घरी काम आहे सांगून चुकवायचे, तेल बंद होतं तेव्हाही, तू कधी हाक मारशील म्हणून. आता जाईन."

"जा," वासंती म्हणाली.